पेंढ्याच्या काढ्यातले जिवंत जिवाणू: डार्क फील्ड आणि फेज कॉन्ट्रास्टने बघायचे कसे

भाताच्या पेंढ्याचा दोन दिवस मुरलेला काढा स्लाइडवर घेतला आणि साध्या मायक्रोस्कोपखाली चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हने बघितला, की पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "यात काहीच नाही." पाणी डोळ्यांना गढूळ दिसत असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये निदान कोटभर जिवाणू असतात, तरी समोर नुसता पांढरा उजेड असतो. मग तो शंभराचं ऑब्जेक्टिव्ह लावतो, तेल घालतो, आणि आता पांढरा उजेड जरा अंधूक दिसतो.

पुण्यातल्या एका कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी प्रयोगशाळेत मी अनेक वर्षं काम केलं. तिथे हा प्रसंग दर जूनमध्ये ठरलेला असायचा. अडचण जिवाणू लहान असण्याची नाही. एक मायक्रॉन जाडीची, तीन-चार मायक्रॉन लांबीची कांडी चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला सहज पकडता येते. अडचण ही, की जिवंत जिवाणू रंगहीन असतो आणि प्रकाशाला वाकवण्याची त्याची ताकद पाण्याहून किंचितच जास्त असते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, पेशीचा साधारण १.३९. पाण्यात बुडवलेल्या काचेच्या तुकड्यापेक्षाही ही पेशी डोळ्यांना जास्त हुलकावणी देते. रंग दिला की दिसते, पण त्यासाठी आधी ती वाळवून, तापवून मारावी लागते. पोहणारा जिवाणू बघायचा असेल तर बदल उजेडात करायला हवा. डार्क फील्ड आणि फेज कॉन्ट्रास्ट हे त्याचे दोन मार्ग. पहिला घरच्या मायक्रोस्कोपवर जवळपास फुकट जमतो. दुसऱ्याला खास भाग लागतात, पण त्यात पेशीच्या आतलं दिसतं.

इथे मी एकच नमुना धरून चालते आहे: मावळातल्या भाताच्या पेंढ्याचा काढा. तो सोपा आहे, घाण नाही, आणि त्यात पोहणाऱ्या कांड्या आणि नंतर त्यांचे बीजाणू, म्हणजे वाईट काळात तग धरणारं त्यांचं टणक रूप, हे दोन्ही आठवड्याभरात बघायला मिळतं.

काढा

मूठभर पेंढा कात्रीने बोटभर लांबीचा कापा, अर्धा लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा आणि गाळून काचेच्या रुंद बरणीत ओता. तोंडावर दुहेरी मलमल बांधून बरणी ओट्यापासून दूर, सावलीत ठेवा. उकळल्यामुळे बहुतेक सगळे जीव मरतात. तगतात ते बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू, कारण पंधरा मिनिटांच्या उकळीला ते दाद देत नाहीत. काढा गार झाला की तेच उगवतात आणि मैदान त्यांना मोकळं मिळतं. एप्रिल-मेच्या पुण्यात चोवीस तासांत काढा गढूळ होतो. डिसेंबरात पहाटे पारा दहा-बाराला येतो, तेव्हा तीन दिवसही लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पृष्ठभागावर सुरकुतलेली पांढुरकी साय धरते.

काय उगवलं त्याचं नेमकं नाव नुसतं बघून सांगता येत नाही, आणि बॅसिलसच्या काही जाती अन्न बिघडवून माणसाला आजारी पाडतात. म्हणून बरणी, गाळणी, सिरिंज सगळं वेगळं ठेवा, त्यातलं काही स्वयंपाकात परत नेऊ नका, हात साबणाने धुवा. काम संपलं की काढा आणि स्लाइडी त्याच कामासाठी ठेवलेल्या जुन्या कुकरमध्ये पहिल्या शिटीनंतर अर्धा तास मंद आचेवर ठेवून मगच टाका. ब्लीचचं पाणी बीजाणूंसाठी पुरेसं भरवशाचं नाही. कॉलेजसाठी नाव माहीत असलेलं कल्चर हवं असेल, तर पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून संस्थेच्या नावे मागवता येतं.

स्लाइड: थेंब केवढा

सगळ्यात जास्त निराशा इथे होते, आणि दोष बिचाऱ्या मायक्रोस्कोपला दिला जातो. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब साधारण पन्नास मायक्रोलिटरचा असतो. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपचं क्षेत्रफळ ४८४ चौरस मिलिमीटर. पन्नास मायक्रोलिटर त्याखाली पसरलं की थराची जाडी शंभर मायक्रॉन होते. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला एका वेळी स्पष्ट दिसतो तो जेमतेम एक मायक्रॉनचा पापुद्रा. वरखालचे बाकीचे नव्याण्णव मायक्रॉन अस्पष्ट उजेड तेवढा मिसळत राहतात.

दहा मायक्रोलिटर घ्या. थर वीस मायक्रॉनचा होतो, पोहायला जागा उरते आणि चित्र स्वच्छ येतं. मायक्रोपिपेट नसेल तर औषधाच्या दुकानातून शंभर युनिटची इन्सुलिन सिरिंज आणा, तिच्यावरची एक युनिटची रेघ म्हणजे बरोबर दहा मायक्रोलिटर. दुकानदाराने चाळीस युनिटवाली दिली तर तिची एक रेघ पंचवीस मायक्रोलिटरची असते, तेव्हा टोपणाचा रंग बघून घ्या: शंभरवालीचं नारिंगी, चाळीसवालीचं लाल. सुई काढून नुसत्या नळीने थेंब सोडा.

काच नवी, डब्यातून काढलेली असली तरी धुवा. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात चोळा, भरपूर धुवा, शेवटी स्पिरिटने पुसा, आणि पुसायला गॉगल पुसतात तसं बिनधाग्याचं कापड घ्या. साध्या उजेडात जी धूळ दिसतच नाही, ती डार्क फील्डमध्ये चांदण्यासारखी पेटते. बोटाचा एक ठसा अख्खी स्लाइड वाया घालवतो.

थेंबावर कव्हरस्लिप एका कडेने हळू टेकवा. कडांना व्हॅसलिनची बारीक रेघ फिरवा, नाहीतर पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटांत कडा सुकायला लागतात. नेलपॉलिश वापरू नका. त्यातला द्रव आत झिरपला की कडेचे जिवाणू मरतात आणि तुम्ही समजता की ते मुळातच हलत नव्हते. व्हॅसलिन लावताना मोहरीएवढा एक बुडबुडा आत राहिला तर राहू द्या, त्याचा पुढे उपयोग आहे.

काळी चकती

भर दुपारी अंधाऱ्या माजघरात कौलाच्या फटीतून कवडसा येतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. उन्हात उभं राहिलं की तीच धूळ दिसत नाही. कवडशाचा मूळ प्रकाश डोळ्यात येत नाही, धुळीवर आपटून वळलेला तेवढा येतो. डार्क फील्डचं काम हेच. स्लाइडच्या खाली दिव्याचा उजेड एकवटणारं भिंग असतं, त्या कंडेन्सरखाली मधोमध काळी चकती ठेवायची. मधला प्रकाश अडतो, कडेने येणारा तिरका प्रकाश पोकळ शंकूसारखा नमुन्यावर पडतो आणि ऑब्जेक्टिव्हच्या तोंडाबाहेरून निघून जातो. आत शिरतो तो फक्त जिवाणूवर आपटून वळलेला उजेड. काळ्या पार्श्वभूमीवर लखलखीत कांड्या दिसतात.

चकती केवढी हवी, हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर अंदाजाने काढायचं नाही. ऑब्जेक्टिव्हवर ४० च्या पुढे ०.६५ असा आकडा कोरलेला असतो. तो त्याच्या तोंडाची रुंदी सांगतो, म्हणजे किती तिरका प्रकाश ते आत घेऊ शकतं. चकतीने तेवढा सगळा प्रकाश अडवायला हवा, पण त्यापलीकडचा मोकळा सोडायला हवा.

माप असं काढा. साध्या उजेडात चाळीसखाली नमुना फोकस करा आणि कंडेन्सर वर, स्लाइडच्या जवळ आणा. आता आयपीस काढून नळीत डोळा लावा. खोलवर एक उजळ गोल दिसेल, ती ऑब्जेक्टिव्हची मागची बाजू. कंडेन्सरचं भोक लहानमोठं करणाऱ्या आयरिसचा दांडा फिरवत ते हळूहळू बंद करा. एका क्षणी आयरिसची कड उजळ गोलाच्या काठावर येऊन टेकते. तिथेच थांबा. दांडा न हलवता कंडेन्सर खाली घेऊन काढा आणि आयरिसचं भोक पट्टीने मोजा. माझ्या मायक्रोस्कोपवर ते १६ मिलिमीटर भरलं. चकती त्याहून दहाएक टक्क्यांनी मोठी, म्हणजे १८ मिलिमीटरची कापली. तुमचा आकडा वेगळा येईल, कारण तो कंडेन्सरवर अवलंबून आहे. म्हणूनच दुसऱ्याच्या चकतीचं माप उसनं घेऊन चालत नाही.

अप्पा बळवंत चौकात मिळणारा जाड काळा कार्डशीट आणि एक पारदर्शक फाइल कव्हर एवढं सामान पुरतं. कव्हरमधून कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कड्यात बसेल असा गोल कापा, काळी चकती त्याच्या बरोबर मध्यावर चिकटवा. चकती आधी दिव्यासमोर धरून बघा, आरपार उजेड दिसला तर दुहेरी करा. प्लॅस्टिकवर लेझर प्रिंटरने काढलेला काळा गोल डोळ्यांना पुरेसा काळा वाटतो, पण त्यातून उजेड झिरपतो.

लावण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी चकतीशिवाय दहाच्या ऑब्जेक्टिव्हने कव्हरस्लिपची कड किंवा बुडबुड्याचा काठ फोकस करा, म्हणजे तुम्ही योग्य पातळीवर आहात हे कळतं. मग चाळीसवर या, चकती सरकवा, आयरिस पूर्ण उघडा, दिवा पूर्ण वाढवा. शेवटी कंडेन्सर सगळ्यात वर नेऊन केसभर खालीवर करा आणि जिवाणू सर्वांत उजळ दिसतील तिथे थांबवा. आयरिस उघडायला विसरलात तर चकतीच्या कडेचा प्रकाशही अडतो आणि समोर नुसता अंधार उरतो. आमच्या प्रयोगशाळेत "बल्ब गेलाय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा आयरिस मिटलेला असायचा.

दिवा कमी पडत असेल तर कंडेन्सरच्या वरच्या काचेवर उकळून गार केलेल्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि तो स्लाइडच्या खालच्या बाजूला टेकेपर्यंत कंडेन्सर चढवा. हवेतून जाताना फार तिरके किरण वाटेतच परत फिरतात, पाण्यामुळे ते नमुन्यापर्यंत पोहोचतात. चित्र एकदम उजळतं. काम झाल्यावर पाणी लगेच टिपा. आणि चकती काढण्याआधी दिवा कमी करायची सवय लावून घ्या, नाहीतर अंधाराला सरावलेल्या डोळ्यात एकदम झोत येतो.

पार्श्वभूमी काळी न येता राखाडी आली, तर चाचपडत बसू नका. परत आयपीस काढा आणि नळीत बघा. तळ काळा असायला हवा. एका बाजूला चंद्रकोरीसारखा उजेड असेल तर चकती मध्यावर नाही, नळीत बघत ती कोर झाकली जाईपर्यंत सरकवा. सगळीकडून उजळ कडं दिसत असेल तर चकती लहान पडते आहे. कडं नाही, पण सगळा तळ दुधाळ आहे, तर चकती बरोबर आहे आणि दोष नमुन्याचा आहे: काच मळलेली, थर जाड, किंवा काढा फार दाट. तेव्हा काढा गार उकळलेल्या पाण्याने दहापट पातळ करून नवी स्लाइड करा. ही तीन चित्रं एकदा डोळ्यांत बसली की डार्क फील्डमध्ये अडायला फारसं काही उरत नाही.

शंभराच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला ही कागदी चकती चालत नाही. त्याचं तोंड इतकं रुंद असतं की तिरका प्रकाशही आत शिरतोच. त्याला तेलाचा खास डार्क फील्ड कंडेन्सर आणि तोंड लहान करता येणारं ऑब्जेक्टिव्ह लागतं. घरी चाळीसवर समाधान माना. पोहणं बघायला ते पुरेसं आहे.

हलतोय म्हणजे पोहतोय का?

आता चित्र समोर आहे आणि त्यातलं सगळं हलतं आहे. इथे घाई करू नका. हालचाल तीन प्रकारची असते आणि त्यातली एकच जिवाणूची स्वतःची असते.

पहिली थरथर. पाण्याचे रेणू सगळीकडून धक्के देतात, त्यामुळे मायक्रॉनभराचा कुठलाही कण जागच्या जागी लुकलुकत राहतो. रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये परागातल्या कणांमध्ये ही थरथर टिपली. एका सेकंदात असा कण साधारण त्याच्या स्वतःच्या जाडीएवढाच इकडेतिकडे सरकतो. मेलेला जिवाणूही असाच थरथरतो. दुसरी वाहणी. कड सुकते आहे, व्हॅसलिन कुठेतरी उघडं आहे, किंवा दिव्याने पाणी तापलं आहे, की सगळा जमाव एकाच दिशेने, एकाच वेगाने सरकतो. तिसरं खरं पोहणं. त्यात शेजारी-शेजारी असलेल्या दोन कांड्या उलट दिशांना जातात. एक सरळ धाव, क्षणभर अडखळून गिरकी, मग नव्या दिशेने धाव, असा ताल असतो.

माझ्या भाचीने गेल्या उन्हाळ्यात घरीच हे करायला घेतलं. पहिल्या संध्याकाळी तिने मला बोलावलं, "आत्या, बघ, सगळेच्या सगळे पोहतायत!" मी डोळा लावला. शेकडो ठिपके डावीकडून उजवीकडे, वारीत चालावं तसे एका लयीत चालले होते. तिला म्हटलं, "यातला एक तरी उलटा जाताना दाखव." पाच मिनिटं तिने शोधलं, एकही सापडला नाही. उजव्या कडेचं व्हॅसलिन निसटलं होतं आणि पाणी तिकडे ओढलं जात होतं. आम्ही कड बंद केली. मिनिटाभरात वाहणी थांबली आणि मग त्या ठिपक्यांतून पंधरा-वीस कांड्या खऱ्या अर्थाने सुटल्या.

शंका राहू नये म्हणून जोडीला दुसरी स्लाइड करा. त्याच काढ्याचा थोडा भाग छोट्या बाटलीत घालून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार करा आणि तितकाच थेंब घ्या. पोहणाऱ्या पेशी मेलेल्या असतात, थरथर तशीच असते. दोन्ही स्लाइडी पाठोपाठ बघितल्या की फरक सांगावा लागत नाही.

वेगही मोजता येतो, त्याला महागडं माप लागत नाही. आयपीसवर दहा एक्सशेजारी बहुधा १८ असा आकडा असतो. तो भागिले ऑब्जेक्टिव्हचं चाळीस, म्हणजे ०.४५ मिलिमीटर: दिसणाऱ्या गोलाचा व्यास ४५० मायक्रॉन. भाचीने मोबाइल आयपीसला लावून चित्रण केलं. बरीचशी सरळ गेलेली एक कांडी गोलाचा चौथा भाग, म्हणजे सुमारे ११२ मायक्रॉन, पाच सेकंदांत ओलांडून गेली. सेकंदाला बावीस मायक्रॉन. प्रयोगशाळेत मोजलेल्या पोहणाऱ्या जिवाणूंचे वेग साधारण वीस-तीस मायक्रॉनच्या घरात असतात, त्यामुळे हा आकडा पटण्यासारखा आहे. थरथरीने इतकं अंतर पाच सेकंदांत कधीच कापलं जात नाही.

वीस मिनिटांनी परत बघितलं, तर मधले जिवाणू मंदावलेले असतात. बंद स्लाइडमधला प्राणवायू संपत आलेला असतो. आता तो बुडबुडा शोधा. त्याच्या काठापासून थोड्या अंतरावर जिवाणूंची दाट गर्दी आणि जोरदार हालचाल दिसेल, कारण हवा तिथे आहे. आधी हलत होते आणि आता हलत नाहीत, म्हणून ते मेले असं लिहून ठेवू नका.

डार्क फील्ड काय सांगत नाही तेही ध्यानात असू द्या. कांडीची कड पेटल्यामुळे ती आहे त्याहून जाड दिसते, म्हणून जाडी मोजायला हे चित्र वापरू नका. ज्या शेपट्यांनी जिवाणू पोहतो, त्यांतली एक शेपटी जेमतेम वीस नॅनोमीटर जाडीची असते. या साधनांनी ती दिसत नाही. मागे काही लोंबताना दिसलं तर ते चिकटलेलं तंतूचं तूस किंवा पेशींची साखळी असते.

फेज कॉन्ट्रास्ट: कडं कड्यात बसवणं

पाचव्या दिवशीच्या काढ्यात पेशींच्या आत काय चाललंय ते बघायचं, तर डार्क फील्ड अपुरं पडतं. तिथे चमकदार ठिपका म्हणजे बीजाणू, धूळ, पेंढ्याचा कण, काहीही असू शकतं.

डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी १९३० च्या दशकात याचा उपाय काढला आणि १९५३ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पेशीतून वळून आलेला प्रकाश सरळ आलेल्या प्रकाशापेक्षा साधारण पाव लहर मागे पडलेला असतो. डोळ्याला हे मागे पडणं कळत नाही. झेर्निके यांनी सरळ प्रकाशाला वेगळ्या वाटेने, एका कड्यातून यायला लावलं, ऑब्जेक्टिव्हमधल्या तशाच कड्याने त्याला मंद केलं आणि पाव लहर पुढे काढलं. आता दोघांत अर्ध्या लहरीचं अंतर पडलं, एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर आला, आणि दोघांनी एकमेकांना पुसलं. जिथे पेशी आहे तिथे काळोख, बाकी राखाडी.

म्हणून यात दोन कडी असतात, एक कंडेन्सरमध्ये उजेडाचं आणि एक ऑब्जेक्टिव्हच्या आत राखाडी. दोन्ही एकमेकांवर बसली तरच जादू होते. हे भाग महाग आहेत, पण मायक्रोबायॉलॉजी शिकवणाऱ्या बऱ्याच कॉलेजांत असा एखादा मायक्रोस्कोप कपाटात झाकलेला असतो. आमचाही तसाच होता. "चित्र चांगलं येत नाही" म्हणून तो बाजूला ठेवला होता. दोष एवढाच होता की कडी कितीतरी वर्षं कोणी जुळवली नव्हती.

ऑब्जेक्टिव्हवर पीएच १, २ किंवा ३ असं कोरलेलं असतं. कंडेन्सरची फिरकी त्याच आकड्यावर आणा. साध्या उजेडात नमुना फोकस करा आणि आयरिस पूर्ण उघडा. आयपीस काढून तिथे सोबतची छोटी दुर्बीण बसवा, ती मायक्रोस्कोपच्या पेटीत बहुधा तळाशी पडलेली असते. तिची नळी फिरवून राखाडी कडं रेखीव करा. शेजारी किंवा त्यावर सरकलेलं उजळ कडं दिसेल. कंडेन्सरच्या दोन स्क्रूंनी ते ढकलत राखाडी कड्याच्या बरोबर आत बसवा. उजेडाची एक रेघसुद्धा बाहेर डोकावायला नको. आयपीस परत लावा, दिव्यावर हिरवी काच ठेवा. कडी हिरव्या प्रकाशासाठी बनवलेली असतात, त्यामुळे काळा अधिक गडद येतो.

उजळ कडं बाहेर डोकावत असेल तर चित्र साध्या उजेडासारखं फिकट पडतं आणि पेशीच्या एकाच बाजूला उजेड धरतो. ही खूण दिसली की परत दुर्बीण लावा. दर नव्या स्लाइडला ही तपासणी करा, कारण थर तिरपा असला की कडं सरकतं. बुडबुड्याच्या किंवा कव्हरस्लिपच्या कडेशीही तेच होतं, पाण्याचा वाकलेला पृष्ठभाग प्रकाश ढकलतो. कव्हरस्लिप न ठेवता उघड्या थेंबावर फेज कधीच जमत नाही, ते याचमुळे. थरही इथे डार्क फील्डपेक्षा पातळ हवा: पाच मायक्रोलिटर घ्या, म्हणजे दहा मायक्रॉन. जाड थरात प्रत्येक पेशीभोवतीची उजळ प्रभावळ शेजारणीवर पडते आणि सगळं कालवलं जातं.

पाचव्या दिवशीची साय

टूथपिकच्या टोकाने सायीचा अगदी लहान कण घ्या, दोन थेंब पाण्यात ढवळून विस्कटा आणि त्यातलं पाच मायक्रोलिटर स्लाइडवर. राखाडी पार्श्वभूमीवर काळ्या कांड्या आणि त्यांच्या लांब साखळ्या दिसतील. सायीतल्या बहुतेक पोहत नाहीत, एकमेकींना धरून असतात. काही कांड्यांच्या पोटात किंवा टोकाशी एक लंबगोल, कडक कडेचा, पांढरा शुभ्र मणी असेल. हा बीजाणू. त्याचा गाभा पाणी गमावून इतका घट्ट झालेला असतो की तो प्रकाशाला पेशीपेक्षा खूप जास्त मागे पाडतो, आणि काळं करण्याचा हिशोब उलटून तो झगझगीत दिसतो.

पेशीत साठवलेल्या चरबीसारख्या द्रव्याचे दाणेही उजळ दिसतात, तिथे फसायला होतं. दाणे गोल असतात, एका पेशीत दोन-तीन, लहानमोठे. बीजाणू पेशीला एकच, लंबगोल, आणि सगळ्या पेशींत साधारण एकाच जागी. फोकस किंचित खालीवर केलात तरी त्याची कड कडकच राहते.

आता शेवटचा प्रयोग, तो फक्त फेजमध्येच दिसतो. आठ-दहा दिवसांच्या काढ्याच्या तळाचा गाळ एक मिलिलिटर घ्या, थर्मामीटर ठेवून ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धरा. उरलेल्या कांड्या मरतात आणि बीजाणू जागे व्हायला तयार होतात. त्यात तितकाच ताजा, उकळून गार केलेला पेंढ्याचा काढा मिसळा आणि लगेच स्लाइड करा. दहा-बारा चमकदार बीजाणू एकत्र दिसतील अशी जागा निवडा, तिचं ढोबळ चित्र वहीत काढा, त्यांना आकडे द्या आणि दर दोन मिनिटांनी बघा. खोली गार असेल तर फार वेळ लागतो, तेव्हा दुपारची वेळ धरा.

रुजताना बीजाणू पाणी शोषतो, गाभा सैल होतो आणि झगझगीत मणी राखाडी होत काळा पडतो. सगळे एकदम नाही. काही पहिल्या पंधरा मिनिटांत, काही तासाने, काही त्या दिवशी नाहीच. एकेकट्या बीजाणूचा उजळ ते काळा हा प्रवास मात्र काही मिनिटांत उरकतो, म्हणून नजर हटवली की हुकतो. भाचीच्या वहीत त्या दिवशीचं पान असं आहे: ४ नंबर, सव्वाअकरा, चमकदार. ४ नंबर, अकरा एकवीस, मधे राखाडी. ४ नंबर, अकरा पंचवीस, काळा. ७ नंबर, दुपारी एक, अजून चमकदार.